‘कळवतो’ म्हणाले आणि गप्प बसले: पाहण्याच्या कार्यक्रमानंतरचे निरोप कसे समजून घ्यावेत

कांदेपोहे झाले, चहा झाला, मुलगा-मुलगी गच्चीवर वीस मिनिटं बोलून आली. निघताना मुलाकडचे म्हणाले, ‘फार छान वाटलं तुमच्याकडे येऊन. घरी बोलतो आणि कळवतो.’ गाडी वळणावरून दिसेनाशी झाली की घरात चर्चा सुरू होते. ‘छान’ म्हणाले ते मुलीला की पोह्यांना? मुलाच्या आईनं निघताना मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, त्याचा अर्थ काय? पुढे चार-सहा दिवस फोन आला नाही की प्रत्येकजण आपापला अर्थ लावतो, आणि अर्थ बहुतेक वाईटच लागतो.

या काळाचा सगळ्यात जास्त त्रास मुलीला होतो. तिच्यासमोर तिच्याच नकाराची कारणं शोधली जातात: उंची, रंग, नोकरी, ‘तू जरा कमीच बोललीस’. हे थांबलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, आणि ते थांबवता येतं. त्यासाठी पाहण्याचा कार्यक्रम झाल्यापासून बैठक ठरेपर्यंत किंवा नकार येईपर्यंतचे दिवस कसे काढायचे, निरोपातलं काय धरायचं आणि काय सोडायचं, ते इथे क्रमानं सांगतो. लिहिताना मुलीकडची बाजू धरली आहे, कारण वाट पाहणं बहुधा त्यांच्या वाट्याला येतं. मुलाकडच्यांनाही हे तसंच लागू पडेल.

पहिलं काम निघतानाच करायचं: उत्तराचा दिवस ठरवून घ्या

आपल्याकडे अजूनही बऱ्याच घरांत रीत अशी की पहिला निरोप मुलाकडून यायचा. मुलीचे वडील म्हणतात, ‘आपण होऊन कसं विचारायचं, गरज दिसते.’ दुसरीकडे हल्ली मुलाकडचेही म्हणतात, ‘मुली शिकलेल्या, कमावत्या आहेत. आधी त्यांचं काय ते कळू दे.’ दोन्ही घरं पसंतीत असून दोघंही गप्प, आणि तीन आठवड्यांनी दोघांचाही समज की समोरच्यांना स्थळ आवडलं नाही. निव्वळ या कोंडीमुळे चांगली स्थळं गेलेली आहेत.

म्हणून पाहुणे चपला घालायच्या आत घरातल्या कर्त्या माणसानं एवढंच म्हणावं: ‘आम्ही आमच्या मुलीशी बोलून पुढच्या रविवारपर्यंत आमचं कळवतो. तुमचंही त्याच सुमारास कळलं तर बरं पडेल. काहीही असलं तरी मोकळेपणानं सांगा, आमच्या मनात काही राहणार नाही.’ यातून तीन गोष्टी साधतात. दिवस ठरतो. आपणही उत्तर देणार आहोत, आपण नुसते हात जोडून उभे नाही, हे त्यांना कळतं. आणि नकार द्यायची वाट मोकळी होते. शेवटचं सगळ्यात मोलाचं आहे. आपल्याकडे लोक नकार लांबवतात तो बहुतेक वेळा तोंडावर ‘नाही’ म्हणायचा संकोच वाटतो म्हणून. तुम्हाला टांगून ठेवायचं असतं असं नाही.

आणि मग आपलं उत्तर खरोखर त्या रविवारपर्यंत तयार ठेवा. कित्येकदा मुलीला काय वाटलं हे कुणी नीट विचारलेलंच नसतं, आणि घर मात्र समोरच्यांच्या फोनकडे डोळे लावून बसलेलं असतं.

निरोप आला की शब्द चघळू नका, पुढचं पाऊल शोधा

‘कळवतो’, ‘बघू’, ‘घरात बोलतो’, ‘योग असला तर जमेल’, ‘तुम्हाला घाई नाही ना?’ ही आपल्या बोलण्यातली सभ्य पांघरुणं आहेत. होकार देणारा, नकार देणारा आणि अजून काहीच न ठरलेला, तिघंही हीच वाक्यं वापरतात. त्यामुळे वाक्याचा कितीही कीस काढला तरी त्यातून उत्तर निघत नाही.

बघायचं ते हे की त्या निरोपात पुढे जाण्यासारखं काही आहे का. नवा प्रश्न आलाय का? एखादा दिवस सांगितलाय का? नवा माणूस आलाय का, म्हणजे ‘मोठ्या जावयांना एकदा भेटवायचंय’ असं काही? मुला-मुलीला पुन्हा बोलू द्यायचं सुचवलंय का? यातलं एक जरी असलं तर बोलणी जिवंत आहेत, मग शब्द कितीही कोरडे असोत. ‘बघू. मुलीची बदली होते का हो?’ हा निरोप ‘अगदी लाखात एक मुलगी आहे तुमची, कळवतो हं’ यापेक्षा किती तरी भारी आहे. पहिल्यात त्या घरानं तुमच्या मुलीला आपल्या संसारात बसवून बघायला सुरुवात केली आहे. दुसऱ्यात नुसतं कौतुक आहे.

कौतुकाबद्दल एक सांगतो. ‘घर छान’, ‘माणसं छान’, ‘पाहुणचार छान’ हे सगळं आलं आणि मुलीबद्दल काहीच आलं नाही, यावरून लोक नकार ठरवून मोकळे होतात. असं करू नका. मुलीबद्दल परक्यांसमोर बोलायचं नाही अशी शिस्त असलेली घरं आहेत. नुसत्या कौतुकाचा अर्थ शून्य धरावा, होकारही नाही आणि नकारही नाही.

पत्रिकेचा निरोप मात्र जरा वेगळा बघावा लागतो. ‘पत्रिका दाखवून सांगतो’ हे पाहण्याच्या कार्यक्रमाआधी आलं तर ते खरोखर पत्रिकेबद्दल असतं. जन्मतारीख, वेळ आणि ठिकाण दिलं की गुणमेलन कॉम्प्युटरवर लगेच निघतं, आणि घरचे जोशीबुवा असले तरी दोन-चार दिवसांत सांगतात. उशीर लागायला खरं कारण असतं ते जन्मवेळेची खात्री नसणं, किंवा जोशीबुवा गावी असणं. पण पत्रिका आधीच जुळवून, गुण मोजून, मग कांदेपोहे झाले असतील आणि त्यानंतर ‘पत्रिका जुळत नाही हो’ असा निरोप आला, तर तो नकार आहे. तो सभ्य शब्दांत दिलेला नकार आहे आणि तसाच घ्यावा. इथे लोक हमखास चुकतात. ‘३६ पैकी २४ गुण जुळतात, नाडीही एक नाही, मग अडचण काय?’ असं म्हणून दुसऱ्या ज्योतिषाचा कागद पाठवतात. त्या माणसांनी तुमचा मान राखायला ग्रहांवर भार टाकलेला असतो. तुम्ही तो खोडून काढलात की त्यांना खरं कारण सांगावं लागतं, आणि ते तुमच्या मुलीच्या कानावर जातं. त्यांनीच होऊन ‘अमुक शांत करून घेऊ या का?’ असं विचारलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पुढचं पाऊल आहे.

‘मुलाचं एवढ्यात करायचं नाही’, ‘अजून एक वर्ष थांबायचं म्हणतोय’ हेही पाहण्यानंतर आलं तर याच प्रकारचं समजावं. एक वर्ष वाट बघू नये.

निरोप कोणी दिला ते विचारा

मध्यस्थ सांगतात, ‘झालंच समजा, त्यांना पसंत आहे.’ किंवा उलट, ‘काही उत्साह दिसला नाही बुवा.’ मध्यस्थ चांगल्या मनाचे असले तरी निरोप पोचवताना त्यात आपला अंदाज मिसळतात, आणि कधी कधी नेमकी कामाची गोष्ट गाळतात. म्हणून त्यांच्याकडून तीन गोष्टी शब्दश: काढून घ्या: कोण बोललं, काय शब्द वापरले, आणि आपल्याबद्दल काही विचारलं का.

कोण बोललं याला महत्त्व आहे, कारण प्रत्येक घरात निर्णय घेणारं माणूस वेगळं असतं. वडील फोनवर बोलतात, पण ठरवते आजी. किंवा थोरला भाऊ. किंवा मुलगा स्वत:, आणि तो कंपनीच्या कामानं बाहेरगावी असतो. पाहण्याच्या दिवशी ते माणूस आलं होतं का हे आठवा. आलं नसेल तर ‘घरात बोलून कळवतो’ हे अगदी खरं आहे आणि त्याला वेळ लागणारच. मुलाचे काका फोनवर मोघम बोलले तर त्यात काही नाही, त्यांना ठाम बोलण्याचा अधिकारच नसतो.

त्यांच्या घरी सध्या काय चाललंय?

आपल्या घरात त्या आठवड्यात एकच विषय असतो म्हणून त्यांच्याही घरात तोच असेल असं वाटतं. शेती असेल तर हंगाम बघा: कोल्हापूर-सांगलीकडे उसाची तोड, नाशिककडे जानेवारी ते एप्रिल द्राक्षांची काढणी, कोकणात आंब्याचे दिवस. बँकेतल्या आणि सीएच्या घरात मार्चअखेर. शिक्षकांच्या घरात परीक्षा आणि पेपरतपासणी.

मग पंचांग. पितृपक्षाच्या पंधरवड्यात बरीच घरं लग्नाचा शब्दही काढत नाहीत, भाद्रपद पौर्णिमेच्या सुमारास थांबलेला विषय थेट घटस्थापनेनंतर निघतो. पौषात आणि अधिक महिन्यात पुढचं बोलायचं टाळणारी घरं आहेत. २०२६ साली १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे ऐन लग्नसराईत महिनाभर काही घरांकडून हालचाल दिसणार नाही. घरात कुणी गेलं असेल तर सुतकाचे दिवस आहेतच. त्यानंतरही उत्तर दोन्ही दिशांनी जाऊ शकतं, कारण काही घरं वर्षभर थांबतात, तर काही घरांत वर्षाच्या आत उरकायची रीत असल्यानं उलट घाई होते.

मुलगा परदेशी असेल तर तो आणि आई-वडील नीट बोलू शकतात ते शनिवार-रविवारीच. दोन शनिवार-रविवार गेल्याशिवाय काही ठरवू नका.

हे सगळं बघायचं ते उशिराचं समर्थन शोधायला नाही. ‘आपण किती दिवस थांबायचं’ हा आकडा ठरवायला. साधारण, अडचण काही दिसत नसेल तर आठ ते दहा दिवस, हंगाम किंवा सण आडवा असेल तर तो संपून एक आठवडा. आकडा घरात सगळ्यांसमोर बोलून ठेवा. तो दिवस येईपर्यंत या विषयावर अंदाज बांधायचे नाहीत, निदान मुलीसमोर तरी नाहीत.

मोबाइलवरून अर्थ काढणं याच काळात सुरू होतं. निळी टिक आली आणि उत्तर नाही, रात्री साडेअकराला ऑनलाइन दिसले, मुलाच्या बहिणीनं आपलं स्टेटस पाहिलं, त्यांच्या स्टेटसला कुणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो. यातल्या एकाही गोष्टीचा तुमच्या स्थळाशी संबंध जोडता येत नाही. व्हॉट्सॲपवरचा मेसेज वाचून ‘संध्याकाळी निवांत फोन करू’ म्हणणारी पन्नाशी-साठीतली माणसं घरोघरी आहेत. आणि मुलीला ‘तू त्याला हाय करून बघ’ असं अंदाज काढायला लावू नका. तिला स्वत:ला बोलायचं असेल तर तिनं जरूर बोलावं, पण ते तिचं बोलणं असावं.

एक उदाहरण घेऊन बघू

समजा मुलगी साताऱ्याची, पुण्यात बँकेत नोकरीला. वडील निवृत्त शिक्षक. मुलाचं घर निफाड तालुक्यात, द्राक्षबाग, मुलगा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत. मध्ये मुलीच्या मामांचे नाशिकचे एक मित्र. पत्रिका आधी जुळवून झालेली. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी कार्यक्रम झाला. आई-वडील, मुलगा आणि मावशी आले, थोरला भाऊ आला नाही. निघताना मुलाचे वडील म्हणाले, ‘मुलगी छान आहे. दोन-चार दिवसांत कळवतो.’ रात्री मेसेज: ‘सुखरूप पोचलो. पाहुणचार छान झाला.’

आठवडा झाला तरी काही नाही. मुलीच्या आईला त्यांच्या स्टेटसला एका लग्नाचे फोटो दिसले. मामा म्हणाले, ‘देण्याघेण्याचा विषय आपण काढावा म्हणून थांबलेत.’ आत्या म्हणाली, ‘दुसरं स्थळ बघत असतील.’ मुलगी गप्प.

आता कागद घ्या आणि दोन भाग करा. एकीकडे फक्त घडलेलं: ‘दोन-चार दिवसांत’ म्हणाले, आठ दिवस झाले. भाऊ आला नव्हता. फेब्रुवारी आहे, बागेत माल आहे. दुसरीकडे आपण जोडलेलं: देणंघेणं, दुसरं स्थळ, उत्साह नाही. दुसऱ्या भागातली एकही गोष्ट त्या घरातल्या कुणी बोललेली नाही. ती कागदावर वेगळी दिसली की तिचं वजन आपोआप उतरतं. पहिल्या भागातून मात्र दोन उपयोगी गोष्टी हाती लागतात: ठरवणारं एक माणूस बाकी आहे, आणि त्या घराचे हे वर्षातले सगळ्यात धावपळीचे दिवस आहेत.

दहाव्या दिवशी मध्यस्थांना फोन केला. ते म्हणाले, ‘बोललो मी. बघू म्हणालेत. होईल होईल, काळजी करू नका.’ इथे थांबलं तर पुन्हा अंदाजच. वडिलांनी नेटानं विचारलं: कोण बोललं? ‘मुलाचे वडील.’ नेमकं काय म्हणाले? ‘थोरला बागेत अडकलाय, व्यापारी ठरलाय, माल उतरला की बसून बोलतो.’ आपल्याबद्दल काही विचारलं का? ‘हो, ते विचारत होते, मुलगी पुढेमागे गावाकडे राहील का, की पुण्यातच? मी म्हटलं, राहील की, तिला काय.’

सगळा निरोप या शेवटच्या वाक्यात होता, आणि तो पोचलाच नव्हता. शिवाय मध्यस्थांनी त्याचं उत्तर परस्पर देऊन टाकलं होतं. त्या घराला एका गोष्टीची खात्री हवी होती आणि ती विचारायला त्यांनी संकोचानं आडवाट घेतली. साताऱ्यात मात्र आठ दिवस मुलीच्या उंचीवर बोलणं चाललं होतं.

मग एकदाच, सरळ विचारायचं

ठरवलेला दिवस उलटला की विचारायला संकोच करू नये. शक्यतो फोन, आणि तो निर्णय घेणाऱ्याच्या बरोबरीच्या माणसानं करावा, म्हणजे वडिलांनी वडिलांना. वेळ त्यांच्या सोयीची: शेतकरी घरात भर दुपारी जेवणानंतर किंवा रात्री आठच्या पुढे. फोन उचलला नाही तर परत परत लावू नका. एक मेसेज टाका. तो असा असावा:

‘नमस्कार भाऊसाहेब. त्या दिवशी आपली सगळ्यांची भेट झाली, आनंद वाटला. आमच्या घरी चर्चा झाली आहे आणि आम्हाला पुढे बोलायला आवडेल. आपण सध्या बागेच्या कामात आहात याची कल्पना आहे. आपला विचार साधारण कधीपर्यंत कळेल, तेवढं सांगावं, म्हणजे आम्हालाही पुढचं ठरवता येईल. काही कारणानं जमणारं नसलं तरी मोकळेपणानं कळवा, संबंध आहेत तसेच राहतील.’

यात काय आहे ते बघा. आपला होकार स्पष्ट आहे, त्यामुळे ‘तुमचं आधी सांगा’ हा घोळ संपला. त्यांची अडचण ओळखली आहे. प्रश्न एकच आहे, आणि तो ‘हो की नाही’ असा नाही, ‘कधीपर्यंत’ असा आहे. ज्यांचं ठरलेलं नाही त्यांनाही याचं उत्तर देता येतं. आणि नकाराला दार उघडं आहे. मेसेजमध्ये काय नसावं तेही सांगतो: ‘तुमचं काहीच कळलं नाही’ असा टोमणा, ‘आमच्याकडे दुसरी दोन स्थळं आली आहेत’ असा दबाव, आणि ‘आमचं काही चुकलं का?’ हा प्रश्न. शेवटचा तर कधीच विचारू नका. त्यानं मुलीची बाजू विनाकारण खाली जाते.

उदाहरणातल्या वडिलांनी फोन केला आणि जास्तीचं एक वाक्य बोलले: ‘मुलीनं गावाकडे राहण्याबद्दल आपण विचारत होतात असं कळलं. ते मुला-मुलीनंच समोरासमोर बोलावं असं मला वाटतं. तिच्या वतीनं मी शब्द देत नाही.’ पलीकडून लगेच सूर मोकळा झाला. ‘तेच म्हणत होतो आम्ही. रंगपंचमीच्या आत थोरला मोकळा होतोय, मग सांगतो. तोवर पोरांना भेटू द्या पुण्यात.’ दिवस आला, पुढचं पाऊल आलं.

मौनाचा अर्थ केव्हा लावायचा

तुम्ही काही विचारलेलंच नसेल तर त्यांच्या गप्प राहण्याला अर्थ नाही. विचारलं, पण मध्यस्थामार्फत मोघम, तरीही नाही. निर्णय घेणाऱ्याला थेट, एकच प्रश्न, नकाराची मुभा देऊन विचारलात, आणि दहा दिवस काहीच आलं नाही, तेव्हा ते मौन म्हणजे उत्तर समजा. किंवा त्यांनी स्वत: दिवस दिला, तो गेला, पुन्हा दिला, तोही गेला आणि मध्ये एकही नवा प्रश्न आला नाही, तरीही तेच. अशा वेळी तिसऱ्यांदा विचारू नये. शेवटचा निरोप आपण द्यायचा: ‘आपलं काही कळलं नाही, तेव्हा आम्ही इतर ठिकाणी बोलणी पुढे नेत आहोत. आपल्याला शुभेच्छा.’ यात राग नाही, आणि त्यांचं मन खरोखर असेल तर या निरोपावर ते दोन दिवसांत फोन करतात.

हा नकार का आला, हे या मौनातून कधीच कळत नाही, हे मात्र पक्कं धरा. मुलाचं बाहेर कुठे जमलेलं असू शकतं. घरात जमिनीच्या वाटणीचा वाद असू शकतो. आजारपण असू शकतं, जे ते सांगणार नाहीत. तुमच्या मुलीचा त्यात काही संबंध असेलच असं नाही, आणि असला तरी तो तुम्हाला ठाऊक नाही. घरात कुणी कारण शोधायला लागलं तर वडीलधाऱ्यांनी तिथेच थांबवावं.

या सगळ्या काळात दुसरी स्थळं बघणं थांबवायचं नाही. साखरपुडा किंवा निदान सुपारी होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या असतात, आणि ते दोन्ही घरांना माहीत असतं. ते दुसरं स्थळ बघतायत असं कळलं तर त्यात फसवणूक नाही, तुम्हीही बघताच. दुसरी भेट झाल्यावर मात्र, पुढे बोलत असताना आणखी कुठे बोलणी चालू आहेत का, हे एकमेकांना सांगणं सभ्यतेचं आहे.

एका बाबतीत मोघम उत्तर चालवून घेऊ नका

‘आमची काही अपेक्षा नाही, तुमच्या मुलीला काय द्यायचं ते तुम्ही द्याल.’ ‘मानपान रीतीप्रमाणे झालं म्हणजे झालं.’ ‘लग्न आमच्या इभ्रतीला शोभेल असं करून द्या.’ ही वाक्यं खरोखर निरपेक्ष असू शकतात आणि नसूही शकतात. इतर सगळ्या ठिकाणी मी थांबा म्हणतो, इथे थांबू नका. लगेच त्याच बैठकीत, शांत आवाजात विचारा: ‘रीत म्हणजे नेमकं काय, ते आजच बोलून घेऊ. खर्च दोघांनी निम्मा करावा असा आमचा विचार आहे. हुंडा आम्ही देणार नाही.’ हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ पासून आहे आणि त्यात घेणं जसा गुन्हा तसा देणंही गुन्हा आहे. ज्यांची खरंच अपेक्षा नाही ते या प्रश्नानं सुटल्यासारखे होतात आणि आकडे-याद्या सरळ बोलतात. ज्यांची आहे ते पुन्हा मोघम बोलतात, किंवा दुसऱ्या दिवशी मध्यस्थाकरवी ‘फ्लॅटचं काय करताय?’ असं विचारतात. मग अर्थ लावत बसायची गरज उरत नाही, बोलणी तिथेच थांबवावीत.

आणि नकार आपण द्यायचा असेल तेव्हा

उदाहरणातली मुलगी आणि मुलगा पुण्यात दोनदा भेटले. मुलानं प्रामाणिकपणे सांगितलं की तीन-चार वर्षांत नोकरी सोडून भावाबरोबर बाग बघायची आहे. मुलीला बँकेतली नोकरी सोडायची नव्हती. ती घरी म्हणाली, ‘मुलगा चांगला आहे, पण हे जमणार नाही.’ म्हणजे जे घर आठ दिवस नकाराच्या धास्तीत होतं, त्यांनाच नकार कळवायची वेळ आली.

अशा वेळी मोह होतो तो ‘कळवतो’ म्हणून दिवस काढायचा, किंवा पत्रिकेवर ढकलायचं. पत्रिका आधीच जुळवली असेल तर ती सबब देऊ नका, समोरच्यांनाही ते कळतं. दोन दिवसांच्या आत, मध्यस्थांच्या आधी, स्वत: फोन करून सांगावं. कारण सांगण्यासारखं असेल आणि कुणाला कमी लेखणारं नसेल तर सांगावं, जसं इथे होतं. दिसणं, शिक्षण, परिस्थिती असलं कारण असेल तर ‘मुलांच्या विचारांचा मेळ बसत नाही’ एवढंच पुरे.

‘भाऊसाहेब, मुलं मोकळेपणानं बोलली हे फार चांगलं झालं. आमच्या मुलीला पुण्यातली नोकरी पुढेही करायची आहे, आणि आपल्या मुलाचा विचार गावाकडे यायचा आहे. दोघांचं बरोबर आहे, पण एकत्र बसत नाही. म्हणून आम्ही इथे थांबतो. आपल्या घराबद्दल आमच्या मनात आदर आहे.’

त्यानंतर त्यांच्याकडून आलेले फोटो आणि बायोडाटा मोबाइलमधून काढून टाका, छापील पत्रिका असेल तर मध्यस्थांकडे परत द्या, आणि आपल्या मुलीचे फोटोही तसेच काढून टाकावेत असं त्यांना सांगा. मामा, आत्या, मावशी यांना एकच वाक्य कळवा, ‘दोन्हीकडून विचारानं थांबलो’, म्हणजे एखाद्या समारंभात ती दोन घरं पुन्हा समोरासमोर आली तर कुणाला तोंड चुकवावं लागणार नाही.